नॉमिनी म्हणजे मालक नाही: बँकेतले आणि विम्याचे पैसे नेमके कोणाचे, हे कसं तपासायचं आणि कुठल्या क्रमाने पुढे जायचं

मी बरीच वर्षं बँकेत डिपॉझिटच्या टेबलावर काम केलंय आणि माणूस गेल्यानंतर घरच्यांचा जो गोंधळ होतो तो अगदी समोर बसून बघितलाय. दहापैकी आठ वेळा चूक एकच असते. पासबुकावर "नॉमिनेशन नोंदवले आहे" असा शिक्का दिसतो, नॉमिनी म्हणून आपलं नाव आहे हे माहीत असतं, आणि माणूस धरूनच चालतो की पैसे आता आपले झाले. मग पैसे खात्यात येतात, खर्च होतात, आणि दोन वर्षांनी बहिणीच्या वकिलाची नोटीस येते.

म्हणून हा लेख क्रमाने लिहितोय. नमुन्याला एकच घर घेऊ. वडील गेले, वय ७१, मृत्युपत्र नाही. मागे त्यांची बायको, दोन मुलगे, एक लग्न झालेली मुलगी, आणि वडिलांची स्वतःची आई, वय ९०, गावी राहणारी. मालमत्ता तीन ठिकाणी: बँकेत १५ लाखांची एफडी, नॉमिनी मोठा मुलगा. एक विमा पॉलिसी ६ लाखांची, नॉमिनी बायको. आणि लग्नाआधी काढलेली एक जुनी होल लाईफ पॉलिसी २ लाखांची, नॉमिनी त्यांचा सख्खा भाऊ, जो बदलायचा राहून गेला.

तीन कागद, तीन नॉमिनी, आणि तिन्हींचं उत्तर सारखं नाहीये.

## टप्पा १: कागद बाहेर काढा, पण खात्याला हात लावू नका

सगळ्यात आधी पासबुकं, एफडीच्या पावत्या, पॉलिसीचे मूळ बॉण्ड आणि मृत्यूचे दाखले एका फाईलीत घ्या. दाखल्याच्या पाच-सहा प्रती ग्रामपंचायतीतून किंवा महापालिकेतून एकदमच घेऊन ठेवा, कारण बँक, विमा कंपनी, पेन्शन, प्रत्येकजण मूळ प्रत बघायला मागतो. प्रत्येक कागदापुढे एका वहीत चार गोष्टी लिहा: रक्कम किती, खातं एकट्याचं की जॉइंट, नॉमिनी कोण, आणि नॉमिनेशन कधी केलेलं. ती तारीख पुढे कामाला येते.

पासबुकावर नुसतं "नॉमिनेशन नोंदवले आहे" असतं, नाव असेलच असं नाही, कारण नाव छापायचं की नाही हे खातेदाराने ठरवायचं असतं. त्यामुळे आपणच नॉमिनी आहोत असं गृहीत धरू नका, शाखेत जाऊन रेकॉर्डवर कोणाचं नाव आहे ते विचारा. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या, तीस वर्षं त्यांना वाटत होतं नॉमिनी त्याच, आणि रेकॉर्डमध्ये नाव सासूबाईंचं निघालं, तेही सासूबाई वारल्यावर दहा वर्षांनी.

सावधान: माणूस गेल्यानंतर त्याच्या एटीएम कार्डाने किंवा मोबाईलवरच्या यूपीआयने पैसे काढू नका. "अंत्यविधीचा खर्च होता" हे कारण खरं असलं तरी त्या दिवसापासूनचं स्टेटमेंट नंतर बाकीचे वारस मागवतात आणि सगळा संशय तिथूनच सुरू होतो. खर्च आपल्या खिशातून करा, पावत्या ठेवा, वाटणीच्या वेळी वजा करून घ्या.

खातं जॉइंट असेल तर आणखी एक तपासणी. एक खातेदार गेला आणि दुसरा जिवंत आहे, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" अशी सूचना आहे, तर नॉमिनीचा संबंध अजून येतच नाही, पैसे हयात असलेल्या खातेदाराच्या ताब्यात जातात. नॉमिनीची पाळी सगळे खातेदार गेल्यावर. आणि ताब्यात गेले म्हणजे सगळे त्याचेच झाले असंही नाही, गेलेल्या माणसाचा त्यात किती पैसा होता हा प्रश्न वारस विचारू शकतात.

## टप्पा २: बँक आणि विमा यांची गल्लत करू नका

बँकेतल्या ठेवीचं नॉमिनेशन बँकिंग नियमन कायदा, १९४९ च्या कलम ४५झेडए खाली येतं. त्याचा अर्थ एवढाच की बँकेने पैसे कोणाच्या हातात दिले म्हणजे तिची जबाबदारी संपली, हे ठरवून ठेवलंय. सुप्रीम कोर्टाने २०१० साली रामचंदर तलवार यांच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की नॉमिनीला पैसे घेण्याचा अधिकार आहे, मालकी नाही. मालक ठरतो वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने. त्याच कलमात असंही लिहिलंय की ज्याला पैसे दिले त्याच्याकडून ते मागण्याचा इतरांचा हक्क तसाच राहतो. म्हणजे आपल्या उदाहरणात मोठा मुलगा १५ लाख घेऊ शकतो, पण ते सगळ्या वारसांच्या वतीने सांभाळायला घेतलेले असतात. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबद्दलही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हाच निर्णय दिला, त्यामुळे डीमॅटमध्ये नाव असलेल्या नॉमिनीनेही हुरळून जाऊ नये.

विम्याचं थोडं वेगळं आहे आणि इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. १९८३ च्या शेवटी सरबती देवी केसमध्ये कोर्टाने विम्याच्या नॉमिनीलाही नुसता पैसे घेणारा हात म्हटलं होतं. पण २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये बदल झाला. पॉलिसीधारकाने आपले आईवडील, नवरा किंवा बायको, किंवा मुलं यांच्यापैकी कोणाला नॉमिनी केलं असेल तर कायदा म्हणतो की त्या रकमेचा फायदा त्या नॉमिनीचाच. याला बेनिफिशियल नॉमिनी म्हणतात. ही दुरुस्ती लागू झाल्यानंतर पैसे देय झालेल्या पॉलिसींना हे लागू होतं, पॉलिसी जुनी असली तरी.

भाऊ, बहीण, पुतण्या, मामा, मित्र हे त्या यादीत नाहीत. ते नॉमिनी असतील तर जुनाच नियम, पैसे घ्यायचे आणि वारसांना द्यायचे.

आता आपल्या तीन कागदांवर हे लावून बघा. एफडी १५ लाख, नॉमिनी मोठा मुलगा: फक्त घेणारा. पॉलिसी ६ लाख, नॉमिनी बायको: बेनिफिशियल नॉमिनी, कायद्याच्या शब्दांप्रमाणे रक्कम तिची. जुनी पॉलिसी २ लाख, नॉमिनी सख्खा भाऊ: फक्त घेणारा, त्याचा स्वतःचा एक रुपयाही नाही.

तपासा: बेनिफिशियल नॉमिनी असला तरी वाद होतच नाही असं समजू नका. २०२५ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने असं मत दिलंय की वारसांनी दावा केला तर असा नॉमिनीही संपूर्ण मालक ठरत नाही, आणि दुसऱ्या काही कोर्टांनी उलट, नॉमिनीच्या बाजूने निर्णय दिलेत. म्हणून रक्कम मोठी आणि घरात भांडण असेल तर फक्त नॉमिनेशनवर विसंबू नका, वकिलाकडून तुमच्या केसपुरतं मत घ्या.

या नियमाची उलटी बाजूही बघा. मुलाने लग्नाआधी पॉलिसी काढली, आईला नॉमिनी केलं, लग्नानंतर बदललं नाही. आई यादीत आहे. म्हणजे आई बेनिफिशियल नॉमिनी, आणि बायको-मुलांना त्या पॉलिसीतून काही मागायला फार कठीण जातं. हे मी अगदी कळकळीने सांगतोय कारण दोन लहान पोरं घेऊन आलेली सून आणि समोर बसलेली सासू, दोघीही रडत असलेल्या, असं दृश्य मी बघितलंय, आणि कारण एकच होतं, बदलाचा तो एक फॉर्म कोणी भरला नव्हता.

## टप्पा ३: वारसांची यादी स्वतः मनाने करू नका

हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गातले वारस आधी. त्यात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळ्यांना सारखा वाटा. वडील पहिल्या वर्गात नाहीत. आधी वारलेला मुलगा असेल तर त्याची बायको-मुलं मिळून त्याचा एक वाटा घेतात.

आता हिशोब. वारस पाच: बायको, दोन मुलगे, मुलगी, आई. १५ लाखांची एफडी, प्रत्येकी ३ लाख. २ लाखांची जुनी पॉलिसी, प्रत्येकी ४० हजार. म्हणजे मोठ्या मुलाच्या हातात १५ लाख येतात पण त्यातले त्याचे ३, बाकीचे १२ दुसऱ्यांचे. मुलीचं लग्न झालंय, "तिला लग्नात दिलंय" हे घरात बोलायचं कारण झालं, कायद्यात ते बसत नाही.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती आजी. नव्वदीची आजी, गावी, तिला कशाला मध्ये आणायचं असं सगळ्यांना वाटतं. पण तिचा ३ लाख ४० हजारांचा हक्क वडील गेले त्या दिवशीच तयार झाला. वाटणी लांबली आणि मध्येच आजी गेली तर तिचा वाटा तिच्या वारसांकडे जातो, म्हणजे काका आणि आत्याही यात आले, आणि सह्या घ्यायच्या लोकांची संख्या पाचावरून थेट आठ-नऊवर. म्हणून आजी असतानाच काम उरका.

बाई गेली असेल तर नियम वेगळा, नवरा आणि मुलं एकत्र, तिचे आईवडील त्यांच्यानंतर, तेही सासरकडच्या वारसांच्याही मागे. मुस्लीम घरात वाटे त्यांच्या व्यक्तिगत कायद्याने ठरतात. आणि गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता बहुधा निम्मी-निम्मी समजली जाते, त्यामुळे गोव्यातल्या घरात आधी हयात जोडीदाराचा अर्धा भाग बाजूला काढायचा आणि उरलेल्याची वाटणी करायची, महाराष्ट्रातला हिशोब तिथे जसाच्या तसा लावू नका.

सावधान: तलाठ्याकडे सात-बारावर झालेली वारस नोंद जमिनीसाठी असते. ती दाखवून "बँकेने मान्य करावं" असा आग्रह धरून लोक महिने घालवतात. बँकेच्या पैशाला ती लागत नाही, आणि लागलं तर कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र, ज्याला सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात, ते लागतं.

## टप्पा ४: क्लेम नॉमिनीनेच करायचा

हे उलटं वाटतं पण महत्त्वाचं आहे. नॉमिनी मालक नाही हे कळल्यावर काही घरात नॉमिनीला क्लेमच करू देत नाहीत, सगळे वारस बँकेत जाऊन बसतात, आणि काम अडकतं. नॉमिनेशन आहे तर पैसे नॉमिनीमार्फतच लवकर बाहेर येतात, म्हणून त्याला पुढे करा, फक्त त्याआधी घरातल्या घरात लिहून घ्या.

क्रम असा ठेवा:

१. सगळे वारस एकत्र बसा आणि साध्या कागदावर लिहा की अमुक एफडी, अमुक रक्कम, नॉमिनी म्हणून अमुक व्यक्ती घेणार आहे, ती सगळ्या वारसांसाठी घेतेय आणि वाटे असे असे. तारीख, सगळ्यांच्या सह्या, दोन साक्षीदार. मोठ्या रकमेला वकिलाकडून नीट मसुदा करून घेतलेला बरा.

२. नॉमिनीने बँकेत क्लेम फॉर्म, मृत्यू दाखला, स्वतःची ओळखपत्रं आणि एफडीची पावती द्यावी. नॉमिनी आहे तेव्हा बँकेने सक्सेशन सर्टिफिकेट किंवा जामीनदार मागू नये, मागितलं तर लेखी कारण मागा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे सगळे कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाल लावायचा आहे, म्हणून कागद दिल्याची पोच, तारखेसकट, घ्या.

३. एफडीची मुदत संपायची असली तरी ठेवीदार गेल्यावर मुदतीआधी मोडायला दंड लागत नाही. एफडीवर कर्ज काढलेलं असेल तर ते आधी वजा होणार, त्यामुळे वाटे ठरवण्याआधी हातात येणारा आकडा बँकेकडून विचारून घ्या.

४. विम्यासाठी मूळ बॉण्ड, क्लेम फॉर्म, रद्द केलेला चेक. पॉलिसी घेऊन तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला असेल तर कंपनी हॉस्पिटलचे कागद मागते आणि चौकशी करते, त्याला वेळ लागतो.

आपल्या उदाहरणात मोठ्या मुलाने एफडीचा क्लेम करायचा, बायकोने ६ लाखांचा, आणि काकांनी, म्हणजे वडिलांच्या भावाने, २ लाखांचा. काका सही करायला तयार नसतील तर घाईने भांडू नका. त्यांना आधी कलम ३९ दाखवा. बऱ्याचदा माणूस लबाड नसतो, त्याला खरंच वाटत असतं की भावाने प्रेमाने आपल्यालाच ठेवलंय.

## टप्पा ५: पैसे आले की वेगळे ठेवा, आणि वाटा बँकेतूनच द्या

नॉमिनीने ही रक्कम आपल्या पगाराच्या खात्यात घेऊ नये. शक्य असेल तर नुसतं या कामासाठी एक सेव्हिंग खातं उघडा आणि क्लेममध्ये तोच नंबर द्या. मिसळलेल्या पैशाचा हिशोब नंतर कोणालाच पटत नाही. वाटे चेकने किंवा ऑनलाईन ट्रान्सफरने द्या, रोख नको, आणि प्रत्येकाकडून "अमुक एफडीतला माझा संपूर्ण वाटा मिळाला" अशी सही घ्या.

कोणाला आपला वाटा आईसाठी सोडायचा असेल, तसं बऱ्याच घरात बहीण करते, तर तोंडी बोलण्यावर ठेवू नका. हक्कसोड लिहून घ्या आणि त्यात कोणाच्या नावाने सोडतेय ते स्पष्ट लिहा. नुसतं "मला नको" लिहिलं तर पुढे तो वाटा आईला गेला की सगळ्यांमध्ये वाटला गेला यावर वाद होतो, मी असा कागद प्रत्यक्ष बघितलाय, एकच ओळ होती त्यात आणि त्या ओळीवर दोन भाऊ तीन वर्षं बोलत नव्हते.

तपासा: वाटप करायच्या आधी वडिलांचं उधार, हातउसने, कर, हॉस्पिटलचं बिल फेडायचं राहिलंय का. ते वारसांच्या वाट्यातून जातं, एकट्या नॉमिनीच्या नाही.

## टप्पा ६: नॉमिनी पैसे द्यायला तयार नसेल तर

इथे वेळेला फार किंमत आहे. पैसे अजून बँकेतच असतील तर लोक काय करतात, शाखेत एक अर्ज देतात की "नॉमिनीला पैसे देऊ नका" आणि निश्चिंत होतात. असा अर्ज बँकेला बांधत नाही. कायद्यात सरळ लिहिलंय की दुसऱ्याच्या हक्काची नोटीस बँकेने विचारात घ्यायची गरज नाही, पण कोर्टाचा आदेश दाखवला तर तो पाळायचा. म्हणजे दिवाणी कोर्टात दावा आणि त्यात मनाईचा अर्ज, आणि त्या आदेशाची प्रत शाखेत पोच घेऊन देणं, हा मार्ग.

पैसे नॉमिनीच्या हातात गेले असतील तर बँकेवर केस करून उपयोग नाही, तिने कायद्याप्रमाणे दिलेत. दावा नॉमिनीवर, आपल्या वाट्यासाठी. त्यात वारसांचा पुरावा, एफडीची नक्कल आणि पैसे कोणत्या तारखेला कोणत्या खात्यात गेले हे लागतं, म्हणून टप्पा १ मधली ती वही जपून ठेवा. दावा करायच्या आधी वकिलामार्फत एक नोटीस पाठवा, माझ्या बघण्यात निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात, कारण नॉमिनीला पहिल्यांदाच कळतं की तो मालक नाही.

## टप्पा ७: तुम्ही स्वतः जिवंत असताना हे करा

वरचं सगळं माणूस गेल्यावरचं झालं. ज्याचं खातं आहे त्याने आज करायचं काम याहून सोपं आहे.

बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, एकाच वेळी टक्क्यांनी किंवा एकानंतर एक. टक्के टाकले, ४०-६०, की लोकांना वाटतं वाटणी झाली. नाही झाली. तो फक्त पैसे कोणी किती घ्यायचे याचा आकडा आहे, मालकी अजूनही वारसा कायदा किंवा मृत्युपत्रच ठरवतं. ४० टक्के ज्याच्या नावाने आहेत त्याचा कायदेशीर वाटा २० टक्के निघू शकतो.

पैसा ज्याला जावा असं तुम्हाला मनापासून वाटतं त्यालाच नॉमिनी करा, आणि तेच मृत्युपत्रातही लिहा. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. एफडीचं मृत्युपत्र लिहिताना खातं "माझी अमुक बँकेतली अमुक शाखेतली सगळी ठेव" असं लिहा, पावतीचा नंबर लिहू नका, कारण एफडी रिन्यू झाली की बऱ्याचदा नंबर बदलतो आणि मग "ही ती एफडी नाही" असा मुद्दा उभा राहतो.

विम्याचं नॉमिनेशन कायद्याप्रमाणे मृत्युपत्रानेही बदलता येतं, पण कंपनीला लेखी कळलं नाही तर ती जुन्या नॉमिनीलाच पैसे देऊन मोकळी होते, म्हणून कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या. पॉलिसी दुसऱ्याच्या नावाने असाइन केलीत तर जुनं नॉमिनेशन गळून पडतं, पण कर्जासाठी बँकेला असाइन केली असेल तर ते रद्द होत नाही, बँकेच्या येण्यापुरताच नॉमिनीचा हक्क कमी होतो, तरी कर्ज फिटलं की पॉलिसी परत आपल्या नावाने झालीय आणि नॉमिनेशन कायम आहे का बघा. अल्पवयीन मुलाला नॉमिनी करायचं तर त्याच्यासोबत पैसे स्वीकारणारी व्यक्ती, ज्याला अपॉइंटी म्हणतात, तीही नेमा.

आणि बायको-मुलांसाठी विम्याचा पैसा कोणाच्याच हातात सापडू नये, सावकाराच्याही नाही, अशी इच्छा असेल तर विवाहित स्त्रियांच्या संपत्तीचा कायदा, १८७४ खाली पॉलिसी घ्या. पॉलिसी घेतानाच तो फॉर्म भरायचा असतो, नंतर नाही. ती पॉलिसी ट्रस्टसारखी होते, नवऱ्याच्या मालमत्तेत धरत नाहीत. पण एकदा केलं की तुम्हालाही त्यातलं नाव बदलता येत नाही, हे समजून घेऊनच करा.

यातलं काहीही करायच्या आधी आज घरी एवढंच करा की पासबुकं आणि बॉण्ड काढा आणि प्रत्येकावर नॉमिनी कोण आहे ते वाचा. ज्यांचं लग्न नंतर झालंय, ज्यांचा नॉमिनी वारलाय, ज्यांचा घटस्फोट झालाय, त्यांनी आधी स्वतःच्या पॉलिसीकडे बघा. बँकेतला नॉमिनी बदलायला एक फॉर्म लागतो आणि त्याची पोच, बस. पोच मात्र घ्या, नुसता फॉर्म टेबलावर ठेवून येऊ नका.